पाळी लांबली, काळपट डाग गेले आणि एका बाजूला कळ आली: सकाळची वाट का पाहू नये

प्रश्न: माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. दोन मुलं आहेत, चार वर्षांपूर्वी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. या वेळी पाळी आठ-दहा दिवस उशिरा आली, तीही अगदी कमी, नुसते काळपट डाग. आज संध्याकाळी भांडी घासताना डाव्या बाजूला ओटीपोटात एकदम कळ आली, घाम सुटला. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. आता पडून राहिल्यावर बरं वाटतंय म्हणते. ऑपरेशन झालेलं असल्याने दिवस असण्याचा प्रश्न नाही. पित्ताचं असेल का? सकाळपर्यंत थांबलो तर चालेल का?

उत्तर: थांबू नका, आत्ताच निघा. ज्या हॉस्पिटलात रात्री ऑपरेशन होऊ शकतं आणि रक्ताची सोय होऊ शकते, तिथेच थेट न्या. जवळच्या छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन पाहू, असं करू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. फोनवर "पोटात दुखतंय" एवढंच सांगू नका. "पाळी चुकली होती, पोटात आतून रक्त जात असेल अशी शंका आहे, उभी राहिली की भोवळ येते," असं सांगा. तिला दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, मागच्या सीटवर आडवी झोपवून न्या. खायला-प्यायला काही देऊ नका, चहासुद्धा नको, कारण पुढच्या दोन तासांत भूल द्यावी लागू शकते. दुखणं दाबायला गोळी देऊन वाट पाहत बसू नका. घरात लघवीच्या तपासणीचं किट असेल तर निघण्याआधी करा, नसेल तर ते आणण्यात वेळ घालवू नका. किटवर एकच रेघ आली तरी निघायचंच आहे. लघवी पातळ असली की ते किट क्वचित चुकतं, आणि बीजकोशाची गाठ पिळली गेली असेल किंवा फुटून रक्त जात असेल तर त्यालाही रात्रीच डॉक्टर लागतो.

वाटेत किंवा तिथे बसल्यावर पुढचं वाचा.

मला जी शंका आहे तिला अस्थानिक गर्भधारणा म्हणतात. दवाखान्यात तुम्हाला "एक्टोपिक" किंवा "नळीत गर्भ" असे शब्द ऐकू येतील. गर्भ गर्भाशयात न रुजता बाहेर कुठेतरी रुजतो आणि दहापैकी नऊहून अधिक वेळा ही जागा गर्भनलिका असते. शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा असं होतं. तुमच्या बहिणीला हेच झालंय असं मी इथून सांगू शकत नाही. पण लांबलेली पाळी, काळपट डाग, अचानक एका बाजूची कळ आणि उभं राहिल्यावर अंधारी या चार गोष्टी एकत्र आल्या की, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तेच आहे असं धरून चालायचं असतं.

आता ऑपरेशनबद्दल, कारण घरच्यांची शंका नेमकी तिथे येऊन थांबते. नसबंदीनंतर दिवस राहण्याची शक्यता फारच कमी असते, हे खरं आहे. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेली एक मोठी पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा वर्षांच्या काळात हजारी अठरा-एकोणीस जणींना पुन्हा दिवस गेल्याचं दिसलं. मात्र अशा गरोदरपणांपैकी साधारण तिसरा हिस्सा नळीतला होता. याचं कारण साधं आहे. बांधलेल्या किंवा रिंग घातलेल्या नळीत कधीकधी काही वर्षांनी बारीकशी वाट पुन्हा तयार होते. त्या वाटेने शुक्रजंतू पलीकडे पोहोचतो, कारण तो अतिसूक्ष्म असतो. फलित झालेलं बीज त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, ते त्या वाटेने परत गर्भाशयाकडे येऊ शकत नाही आणि तिथेच अडकून रुजतं. म्हणून नसबंदी झालेल्या बाईला दिवस राहिले की पहिला विचार नळीचा करायचा. तांबीचंही असंच आहे. तांबी असताना दिवस राहणं विरळाच, पण राहिलेच तर ते नळीत असण्याचा वाटा नेहमीपेक्षा बराच मोठा असतो. "माझं ऑपरेशन झालंय" हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना जरूर सांगा, पण त्यावरून दिवसांची तपासणी टाळू देऊ नका.

डाग थोडेच आहेत, म्हणून घरच्यांना धीर वाटतो. तुम्हालाही वाटला असणार. इथेच खरा धोका आहे. नळीतल्या गर्भाचंही संप्रेरक तयार होतं, पण बहुतेक वेळा अपुरं. त्यामुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर आधी जाड होतं आणि मग थोडं थोडं सुटायला लागतं. ते सुटताना जे बाहेर येतं ते तुम्हाला दिसणारे डाग. काळपट, चिकट, पाळीपेक्षा कमी आणि अनेकदा उशिरा आलेली पाळी वाटावी असे. खरा रक्तस्राव मात्र नळीतून होतो आणि तो पोटाच्या पोकळीत जमतो, कारण नळीचं दुसरं टोक पोटात उघडं असतं. म्हणजे पॅडवर काय दिसतंय यावरून आत किती गेलंय याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. पॅड जेमतेम डागाळलेलं आणि पोटात लिटरभर रक्त, असं चित्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

"पडल्यावर बरं वाटतंय" यावरही विसंबू नका. नळी गर्भामुळे ताणली जात असते तेव्हा एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं. नळी फुटली की ताण सुटतो आणि ती तीव्र कळ काही वेळ कमी होऊ शकते. रक्त मात्र वाहतच असतं. आडवं झाल्यावर मेंदूपर्यंत रक्त सहज पोहोचतं म्हणून अंधारी जाते, ती बरी झाली म्हणून नव्हे. पुढे रक्त पसरलं की दुखणं बाजू सोडून सगळ्या पोटात जातं. तळाशी साचलेल्या रक्ताचा गुदाशयावर दाब पडला की सारखी शौचाला लागल्यासारखी भावना होते. अशी बाई संडासात जाते, तिथेच उठताना कोसळते. म्हणून आत्ता तिला एकटीला संडासला जाऊ देऊ नका. आणखी एक खूण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय कुणी पोटाशी जोडत नाही. आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखायला लागतं. रक्त पोटातून वर जाऊन श्वासपटलाच्या खाली पोहोचतं, आणि श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जातात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. हात अवघडला असेल म्हणून बाम चोळला जातो. पाळी चुकलेल्या बाईचं पोट दुखून मग खांदा दुखू लागला तर वेळ अगदी कमी उरला आहे, असं समजा.

तरुण शरीर रक्त गेल्याचं बराच वेळ लपवतं. एकूण रक्ताच्या पंधरा ते तीस टक्के रक्त गेलं तरी झोपलेल्या स्थितीत बीपी जवळपास ठीक दिसू शकतो. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, तोंड कोरडं पडतं, बाई अस्वस्थ होते. बीपी घसरतो तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. हिमोग्लोबिनचंही तसंच. रक्त जाताना तांबड्या पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत आकडा जुनाच येतो. सलाईन दिल्यावर किंवा शरीराने आपलं पाणी रक्तात ओढून घेतल्यावर तो खाली येतो. "बीपी चांगला आहे, रक्तही दहा आहे, सकाळी सोनोग्राफी करू" असं कुणी म्हणालं तर नाडी किती आहे ते विचारा, आणि तिला उभं केल्यावर काय होतं ते सांगा.

एक केस सांगतो, म्हणजे हे सगळं कसं एकामागून एक येतं ते कळेल. बाई २८ वर्षांची, एक मूल. दीड महिना पाळी नव्हती. घरी किटवर दोन रेघा आल्या. दुसरं मूल इतक्यात नको होतं म्हणून नवऱ्याने मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय आणि सोनोग्राफीशिवाय. गोळ्या घेतल्यावर दोन दिवस अंगावरून गेलं. सगळ्यांना वाटलं, काम झालं. प्रत्यक्षात गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तेवढं पाडलं होतं. नळीतल्या गर्भावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. अधूनमधून डाग जात राहिले, ते "उरलंसुरलं" म्हणून सोडून दिलं. अकराव्या दिवशी दुपारी उजवीकडे कळ आली, एकदा उलटी झाली, भोवळ आली. गल्लीतल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं आणि दोन तास बरं वाटलं. पाळीबद्दल विचारलं तेव्हा तिने "दहा दिवसांपूर्वी येऊन गेली" असं सांगितलं, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं.

रात्री दहाला आमच्याकडे आणली तेव्हा ती बोलत होती. नाडी ११८, बीपी १०४/७०, हिमोग्लोबिन १०.२. पोट थोडं फुगलेलं, खालच्या भागात हात लावू देत नव्हती. सासू बाहेर गेल्यावर तिने गोळ्यांचं सांगितलं. लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, उजव्या बीजकोशाजवळ तीन सेंटिमीटरची गाठ, आणि द्रव नुसता तळाशी नव्हता तर वर यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधल्या जागेपर्यंत पोहोचला होता. द्रव तिथवर गेला असेल तर रक्त भरपूर गेलंय असं धरायचं. पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता पोट उघडलं. आत जवळजवळ दीड लिटर रक्त आणि गुठळ्या होत्या. उजवी नळी तिच्या रुंद भागात फुटली होती. ती नळी काढून टाकली, रक्त थांबलं. दोन पिशव्या रक्त देऊनही दुसऱ्या सकाळी हिमोग्लोबिन आठच्या आतच होतं. पाचव्या दिवशी ती घरी गेली. भरती होतानाचा १०.२ हा आकडा खोटा नव्हता, पण त्या क्षणी तो काहीच सांगत नव्हता.

या केसमधली गोळ्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तुमच्या बहिणीने तशा गोळ्या घेतल्या असतील किंवा नसतील, पण तिला हे एकांतात विचारा. गर्भपाताच्या गोळ्या घेण्याआधी गर्भ गर्भाशयात आहे हे पाहणं हा औपचारिकपणा नाही. ते न पाहता गोळ्या घेतल्या की रक्तस्राव होतो, बाई निर्धास्त होते आणि नळीतला गर्भ वाढत राहतो. लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर आई शेजारी उभी असताना "पाळी चुकली का?" विचारून खरं उत्तर मिळतच नाही. पाळीच्या वयातल्या कुठल्याही मुलीचं ओटीपोट दुखत असेल तर आम्ही लघवीची तपासणी करतोच. यात तिच्या चारित्र्यावर शंका नसते, आणि घरच्यांनी त्यावरून डॉक्टरांशी वाद घालू नये.

हॉस्पिटलात गेल्यावर काय होईल? नाडी-बीपी पाहून दोन्ही हातांना सलाईनच्या सुया लावतील, रक्तगट आणि रक्त जुळवण्यासाठी नमुना घेतील, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करतील. सोनोग्राफी योनीमार्गातून करावी लागेल असं म्हणाले तर नाही म्हणू नका. पोटावरून पाहताना सुरुवातीच्या आठवड्यांतली नळीतली छोटी गाठ सुटू शकते, आतून नीट दिसते. तिची अवस्था ढासळलेली असेल तर मात्र या कशासाठीही थांबणार नाहीत, थेट ऑपरेशनला घेतील. तेव्हा "आधी रिपोर्ट येऊ द्या, तिच्या मिस्टरांना येऊ द्या" असं म्हणू नका. तुम्हीच सोबत आहात, सही तुम्ही करू शकता, आणि ती शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची संमती पुरते.

समजा ती स्थिर आहे आणि दिवस असल्याचं नक्की झालं, पण गर्भ गर्भाशयातही दिसत नाही आणि नळीतही दिसत नाही. असंही होतं. मग रक्तातलं बीटा एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक तपासतात आणि ४८ तासांनी पुन्हा तपासतात. हा आकडा १५०० ते ३५०० च्या पुढे गेला की गर्भाशयातला गर्भ आतून केलेल्या सोनोग्राफीत साधारणपणे दिसायला हवा. सुरुवातीच्या दिवसांत निरोगी गर्भाचा आकडा दोन दिवसांत निदान निम्म्याने तरी वाढतो. नळीतल्या गर्भाचा बहुधा रेंगाळतो, कधी थबकतो. पण काही वेळा तो अगदी नीट वाढतो आणि तरीही गर्भ नळीतच असतो, म्हणून एका आकड्यावर कुणी निर्णय देत नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ते ४८ तास कुठे घालवायचे. गावी परत जाऊ नका, लांबचा प्रवास नको, तिला एकटी ठेवू नका. शक्य असेल तर भरतीच राहू द्या. आकडा कमी आहे म्हणून नळी फुटणार नाही, असं नसतं.

ऑपरेशनशिवाय इलाज होतो का, हे अनेक जण विचारतात. होतो, पण त्याची वेळ असते. नळी फुटलेली नाही, दुखणं फारसं नाही, नाडी-बीपी स्थिर आहे, गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत आहे, गर्भाचे ठोके दिसत नाहीत आणि बीटा एचसीजी पाच हजारांच्या खाली आहे, तर गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देता येतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासून आकडा निदान १५ टक्के उतरला का ते पाहतात, मग तो शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला. त्या काळात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद ठेवायच्या, कारण त्या औषधाचं काम हाणून पाडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळ्याही घ्यायच्या नाहीत. अडचण अशी की इंजेक्शननंतर तीन ते सात दिवसांत पोटात दुखतं, आणि ते दुखणं औषध लागू पडल्याचं आहे की नळी फुटल्याचं, हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून दर आठवड्याला येऊ शकणारी आणि रात्री-अपरात्री अर्ध्या-पाऊण तासात हॉस्पिटल गाठू शकणारी बाईच या इलाजाला योग्य. तुमच्या बहिणीला अंधारी येतेय, त्यामुळे तिच्यासाठी हा रस्ता मला दिसत नाही.

ऑपरेशन ठरलं तर ते दुर्बिणीतून होईल की पोट उघडून, हे तिची अवस्था आणि तिथला सर्जन ठरवेल. दोन्हीत नळीतला रक्तस्राव थांबवणं एवढंच महत्त्वाचं, टाके किती याचा आग्रह धरू नका. तिला आणखी मुलं नको आहेत, म्हणून ऑपरेशनआधी एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्या. फुटलेल्या नळीबरोबर दुसऱ्या बाजूची नळीही काढायची का? नसबंदी एकदा फसली आहे, दुसरी नळी ठेवली तर हाच प्रसंग पुन्हा येऊ शकतो. तिची तब्येत तेवढा वेळ देत असेल तर मी असं सुचवतो, पण त्यासाठी तिची संमती आधी लागते.

रक्तगट विचारून घ्या. तो निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं आणि धावपळीत ते राहून जाऊ शकतं. डिस्चार्जच्या कागदावर कुठल्या बाजूची नळी काढली, दुसरी नळी कशी दिसली, चिकटलेली होती का, हे स्पष्ट लिहून मागा. दुसरी नळी चिकटलेली किंवा सुजलेली दिसली तर आपल्याकडे जुना जंतुसंसर्ग आणि क्षयरोग या दोन्हींचा शोध घ्यावा लागतो, म्हणून काढलेली नळी तपासणीला पाठवली का तेही विचारा.

हे वाचणाऱ्या ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांच्यासाठी एवढंच. एक नळी गेली तरी दुसरी चांगली असेल तर बहुतेक जणींना पुढे आपोआप दिवस राहतात. मेथोट्रेक्सेट घेतलं असेल तर मात्र निदान तीन महिने थांबायचं. पुन्हा नळीतच गर्भ राहण्याची शक्यता दहात एक असते. त्यामुळे पुढच्या वेळी पाळी चुकली की त्याच आठवड्यात किट करा, आणि रेघा दोन आल्या तर सहाव्या आठवड्याला आतून सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयात आहे ना ते पाहून घ्या. त्याआधी एका बाजूला दुखलं किंवा डाग गेले तर सहावा आठवडा उजाडायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा आणि जुना डिस्चार्जचा कागद सोबत न्या.